अमेरिकेत आर्किटेक्टचं लायसन्स: कुठल्या क्रमाने काय करायचं आणि लोक कुठे अडकतात

भारतातून बी.आर्क. करून अमेरिकेत गेलेली मुलं साधारण एकाच क्रमाने चुकतात. आधी मास्टर्स उरकतात, मग नोकरी शोधतात, मग कामाचे तास मोजायला लागतात, आणि आपली पदवी तिथे कितपत धरली जाते हा प्रश्न अगदी शेवटी विचारतात. तो पहिल्या दिवशी विचारायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. हा लेख भारतात बी.आर्क. झालेल्यांसाठी आहे, मग तुम्ही अजून इथे असा किंवा तिथे नोकरीला लागलेले असा.

## सुरुवातीलाच मनातून काढून टाकायच्या समजुती

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक 1972 च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली मिळतो. तो भारतापुरता आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा यांच्याशी अमेरिकेचे परस्पर मान्यतेचे करार आहेत, भारताशी नाही. वॉशिंग्टन अकॉर्डचा दाखला अनेक जण देतात, पण तो इंजिनिअरिंगच्या पदव्यांसाठी आहे. आणि तुमच्या कॉलेजला ‘नॅक’ची उत्तम श्रेणी असेल तर चांगलंच, पण अमेरिकेत जी मान्यता विचारली जाते ती ‘नॅब’ या तिथल्या आर्किटेक्चरच्या अधिस्वीकृती मंडळाची. नावं जवळची असली तरी दोन्ही संस्थांचा एकमेकींशी संबंध नाही.

लायसन्सला तीन गोष्टी लागतात: मान्य शिक्षण, देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास आणि परीक्षा. ते देतं ते राज्याचं बोर्ड. ‘एनकार्ब’ ही या सगळ्या बोर्डांची मिळून असलेली संस्था. ती तुमची नोंद ठेवते, तास तपासते, परीक्षा घेते, पण लायसन्स देत नाही. त्यामुळे ‘एनकार्बचं सगळं झालं, म्हणजे मी आर्किटेक्ट झालो’ हे खरं नाही.

## टप्पा 1: राज्य ठरवा

ncarb.org वर प्रत्येक राज्याच्या अटी एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. तिथे तीन गोष्टी बघा. नॅबच्या पदवीशिवाय पहिलं लायसन्स मिळतं का? परदेशी पदवी चालत असेल तर कुणाच्या मूल्यमापनाने? आणि तास पूर्ण होण्याआधी परीक्षेला बसता येतं का?

राज्याराज्यांतला फरक मोठा आहे. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण आणि अनुभव मिळून 12 वर्षांचा हिशोब धरतात, त्यामुळे नॅबची पदवी नसली तरी अनुभवाने भर घालता येते. कॅलिफोर्नियात शिक्षण-अनुभव मिळून 8 वर्षं लागतात, आणि शिवाय राज्याची स्वतःची वेगळी परीक्षा द्यावी लागते. बऱ्याच राज्यांत मात्र ‘नॅबची पदवी किंवा तिच्या तोडीचं मूल्यमापन’ असं सरळ लिहिलेलं असतं.

नोकरी टेक्सासमध्ये असली म्हणून पहिलं लायसन्स टेक्सासचंच काढलं पाहिजे असं नाही. पण सोप्या वाटेने मिळवलेलं पहिलं लायसन्स दुसऱ्या राज्याला चालेलच याचीही खात्री नसते. जिथे पुढची दहा वर्षं काम करायचा विचार आहे, त्या राज्याच्या अटी आजच वाचून ठेवा.

तपासा: राज्याच्या बोर्डाला मेल करून आपली पदवी, विद्यापीठ आणि कौन्सिलची नोंदणी कळवा, आणि कुठली वाट लागू होते ते लेखी उत्तरात घ्या. ऑफिसमधल्या सीनियरने सांगितलेलं त्याच्या वेळचं असतं.

## टप्पा 2: पदवीचा हिशोब

इथे तीन वाटा आहेत, आणि कुठली आपली हे नोकरीच्या आधी, खरं तर मास्टर्सच्या अर्जाच्या आधी ठरवायचं.

पहिली वाट: नॅब-मान्य एम.आर्क. ही केली की शिक्षणाचा प्रश्न सगळ्या राज्यांपुरता सुटतो. भारतातली बी.आर्क. मग फक्त प्रवेशासाठी आणि काही सेमिस्टर वाचवण्यासाठी उपयोगी पडते.

सगळ्यांत महागडी चूक याच वाटेवर होते. एकाच विद्यापीठात ‘एम.आर्क.’ नावाचे दोन अभ्यासक्रम असतात. एक व्यावसायिक, नॅब-मान्य, दोन ते साडेतीन वर्षांचा. दुसरा आधीच बी.आर्क. असलेल्यांसाठीचा, वर्ष-दीड वर्षाचा, ज्याला नॅबची मान्यता नसते. आपली मुलं साहजिकच दुसरा निवडतात, कारण तो लवकर संपतो, स्वस्त पडतो आणि आपल्यासाठीच केलेला वाटतो. एम.एस. इन आर्किटेक्चरचंही तेच. या पदव्यांचं शिक्षण चांगलं असतं, नोकरीही मिळते, पण लायसन्सच्या अर्जात त्या नॅबची जागा घेऊ शकत नाहीत.

तपासा: नॅबच्या यादीत विद्यापीठाचं नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. यादीत पदवीपुढे तिला कुठली आधीची पदवी लागते आणि किती क्रेडिट्सची ती आहे, तेही लिहिलेलं असतं. तुमच्या ऑफर लेटरमधला ट्रॅक त्याच ओळीशी जुळला पाहिजे. विद्यापीठाला दोन प्रश्न लेखी विचारा: मला ज्या ट्रॅकला प्रवेश दिलाय तो नॅब-मान्य आहे का, आणि माझ्या आय-20 वर कुठला सीआयपी कोड येणार? हा दुसरा प्रश्न व्हिसाचा आहे: आय-20 हा व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, आणि सीआयपी कोड म्हणजे अभ्यासक्रमाच्या शाखेचा क्रमांक. साध्या आर्किटेक्चरच्या 04.0201 या कोडवर 12 महिन्यांचा ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे नोकरी करायची परवानगी, मिळतो. 04.0902 हा कोड स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत, धरला जातो, त्यावर आणखी 24 महिने मागता येतात. काही नॅब-मान्य एम.आर्क. स्टेममध्येही आहेत. शोधायचे तर ते शोधा.

दुसरी वाट: ‘ईसा’ मूल्यमापन. हे नॅबकडून होतं. तुमचे सगळे विषय एनकार्बच्या शैक्षणिक मानकाशी ताडून पाहतात. मानक 150 सेमिस्टर क्रेडिट्सचं आहे. डिझाइन आणि बांधकामाच्या विषयांत आपली बी.आर्क. सहसा चांगली उतरते. अडतं ते सामान्य शिक्षणात, म्हणजे भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, समाजशास्त्र अशा आर्किटेक्चरबाहेरच्या विषयांत. त्यासाठी 45 क्रेडिट्स धरलेली आहेत आणि आपल्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवसापासून शीटच शीट असतात. निकालात कुठल्या भागात किती क्रेडिट्स कमी आहेत ते स्पष्ट लिहून येतं. ती कमतरता तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या कोर्सेसनी किंवा सामान्य शिक्षणापुरती क्लेप या कॉलेजची क्रेडिट्स मिळवून देणाऱ्या परीक्षांनी भरून काढता येते.

म्हणून ईसाकडे ‘पास की नापास’ असं बघू नका. कमतरता निघणारच असं धरून चाला आणि ती भरायला वर्षभर हाताशी ठेवा. नॅब-मान्य नसलेलं एम.एस. झालं असेल तर त्याचं ट्रान्सस्क्रिप्टही ईसाला पाठवा. पदवी म्हणून ते धरलं नाही तरी त्यातल्या विषयांनी खड्डा लहान होऊ शकतो.

सावधान: वेस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यमापन म्हणजे ईसा नव्हे. वेसचा रिपोर्ट विद्यापीठांना आणि इतर कामांना चालतो. एनकार्बला त्याचा उपयोग नाही. अनेकांनी वेसचे पैसे भरून झाल्यावर हे कळतं.

तिसरी वाट: परदेशी नोंदणीकृत आर्किटेक्ट म्हणून. कौन्सिलची नोंदणी चालू असेल तर एनकार्बच्या प्रमाणपत्रासाठी एक वेगळा मार्ग आहे. हे प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे, पण त्याच्या आधारे राज्याचं लायसन्स मागता येतं. त्यात ईसा लागत नाही, पण कामाचे तास आणि परीक्षा दोन्ही पूर्ण करावे लागतात. शिवाय या मार्गाने मिळालेलं प्रमाणपत्र सगळीच राज्यं स्वीकारत नाहीत. त्यामुळे टप्पा 1 मधलं लेखी उत्तर हातात असल्याशिवाय या वाटेवर भिस्त ठेवू नका. पण भारतातली नोंदणी मात्र वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा. ‘आता तिकडेच राहायचंय’ म्हणून ती सोडून दिली, की ही वाट त्या दिवशी बंद होते.

## टप्पा 3: निघण्याआधी गोळा करायचे कागद

हे काम इथे असताना दोन-चार फेऱ्यांत होतं. तिथे गेल्यावर तेच काम आई-बाबांना विद्यापीठाच्या खिडकीवर उभं करून करावं लागतं.

सगळ्या सेमिस्टरचं ट्रान्सस्क्रिप्ट विद्यापीठाकडून सीलबंद लिफाफ्यात, दोन-तीन प्रती जास्तीच्या मागून घ्या. त्याहून महत्त्वाचा आणि हमखास विसरला जाणारा कागद म्हणजे अभ्यासक्रम. मूल्यमापन करणाऱ्याला मार्कलिस्टवरच्या ‘अलाइड डिझाइन’ किंवा ‘वर्किंग ड्रॉइंग’ या शब्दांतून काहीच समजत नाही. त्या विषयात काय शिकवलं, आठवड्याला किती तास, हे त्याला हवं असतं. तुम्ही ज्या पॅटर्नमध्ये शिकलात त्याच पॅटर्नचा अभ्यासक्रम घ्या आणि कॉलेजकडून शिक्क्यासह साक्षांकित करून घ्या. वेबसाइटवर आज असलेला अभ्यासक्रम बहुधा नव्या पॅटर्नचा असतो, आणि विषयांची नावं जुळली नाहीत की पत्रव्यवहारात महिने जातात.

नावाचं प्रकरण. महाराष्ट्रातल्या मुलांना हे जास्त नडतं. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर कौन्सिलचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या. परीक्षेच्या दिवशी दाखवलेल्या ओळखपत्रावरचं नाव एनकार्बच्या नोंदीशी जुळलं नाही तर आत घेत नाहीत. नोंद पासपोर्टप्रमाणेच उघडा. बाकीच्या कागदांसाठी नाव-बदलाचं राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र आणि ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र इथेच करून ठेवा.

## टप्पा 4: कामाचे तास

या कार्यक्रमाला ‘एएक्सपी’ म्हणतात. एकूण 3,740 तास, सहा भागांत विभागलेले:

- प्रॅक्टिस मॅनेजमेंट: 160
- प्रोजेक्ट मॅनेजमेंट: 360
- प्रोग्रॅमिंग आणि अ‍ॅनालिसिस: 260
- प्रोजेक्ट प्लॅनिंग आणि डिझाइन: 1,080
- प्रोजेक्ट डेव्हलपमेंट आणि डॉक्युमेंटेशन: 1,520
- कन्स्ट्रक्शन आणि इव्हॅल्युएशन: 360

यातले किमान 1,860 तास ‘सेटिंग ए’ मधले हवेत, म्हणजे आर्किटेक्चरच्या फर्ममध्ये, अमेरिकेत लायसन्स असलेल्या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली. उरलेल्यांतले काही ‘सेटिंग ओ’ मधून येऊ शकतात. भारतात कौन्सिलच्या नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली केलेलं काम याच सेटिंगमध्ये मोडतं, त्याच्या मर्यादेत. म्हणून एनकार्बची नोंद भारतात असतानाच उघडा. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या ऑफिसमधल्या सरांना बसवून समजावून सांगा, की त्यांच्या नावावर एक मेल येईल आणि ते तास त्यांना मंजूर करायचे आहेत. तुम्ही ऑफिस सोडल्यावर वर्षाने हा मेल गेला तर तो कुणी उघडत नाही.

वेळेचं बंधन कडक आहे. काम केल्यापासून आठ महिन्यांच्या आत नोंदवलेले तास पूर्ण धरले जातात, उशीर केलात की कात्री लागते. महिन्याच्या शेवटी टाइमशीट भरता, त्याच संध्याकाळी एएक्सपीची नोंदही करा.

तास पुरे होणं आणि भाग पुरे होणं यांत फरक आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, गौरी एका मोठ्या फर्ममध्ये लागली. आठवड्याला 40 तास, वर्षाला साधारण 2,000. तिला रेव्हिट चांगलं येतं म्हणून तिला ड्रॉइंगवरच बसवलं. वर्षअखेर तिची नोंद अशी दिसते: डॉक्युमेंटेशन 1,100, डिझाइन 700, अ‍ॅनालिसिस 100, प्रोजेक्ट मॅनेजमेंट 80, कन्स्ट्रक्शन 20, प्रॅक्टिस मॅनेजमेंट शून्य. तिला वाटतं अर्धं काम झालं, आणखी एक वर्ष की सुटलो.

दुसरं वर्षही तसंच गेलं तर काय होईल ते बघा. डॉक्युमेंटेशन 2,200 वर जाईल, पण लागतात 1,520. डिझाइन 1,400 होईल, लागतात 1,080. म्हणजे 680 आणि 320 मिळून 1,000 तास वाया. तिकडे कन्स्ट्रक्शन 40 वरच असेल, अजून 320 हवेत. प्रोजेक्ट मॅनेजमेंट 200 ने कमी, प्रॅक्टिस मॅनेजमेंट पूर्ण 160 ने, अ‍ॅनालिसिस 60 ने. 4,000 तास काम करून 740 तास बाकीच. आणि ओपीटीचं घड्याळ चालूच आहे.

गौरीने पहिल्या सहा महिन्यांतच सुपरवायझरपुढे आपला तक्ता ठेवायला हवा होता. मागायचं तेही नेमकं: साइट मीटिंगला मला न्या, आरएफआयची पहिली उत्तरं मी लिहिते, सबमिटलचा लॉग माझ्याकडे द्या, कन्सल्टंटच्या प्रपोजलची तुलना करायला मला बसवा. ‘मला अनुभव हवाय’ असं मोघम बोललं की पुन्हा ड्रॉइंगच मिळतात. ‘कन्स्ट्रक्शनमध्ये 340 तास कमी आहेत’ म्हटलं की बहुतेक सीनियर जागा करून देतात, कारण तेही याच वाटेने आलेले असतात.

सावधान: बिनपगारी काम ओपीटीच्या नियमात एखाद वेळी बसतं, पण अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप सोडली तर एएक्सपीत धरत नाहीत. आणि नोकरी घेण्याआधी विचारा की माझा थेट सुपरवायझर लायसन्सधारक आहे का. ऑफिसच्या नावात आर्किटेक्ट्स असलं तरी तुमचा टीम लीडर लायसन्स नसलेला असू शकतो.

## टप्पा 5: परीक्षा

‘एआरई 5.0’ चे सहा पेपर आहेत आणि त्यांची नावं वरच्या सहा भागांचीच आहेत. सगळ्यांत लहान पेपर प्रॅक्टिस मॅनेजमेंटचा, 65 प्रश्न, 2 तास 40 मिनिटं. डिझाइन आणि डॉक्युमेंटेशनचे पेपर 100 प्रश्नांचे, 4 तास 5 मिनिटांचे. नापास झालात तर तोच पेपर 60 दिवसांनी पुन्हा देता येतो, वर्षात जास्तीत जास्त तीनदा. बहुतेक राज्यं तास चालू असतानाच बसू देतात, तेव्हा वाट पाहू नका.

क्रम असा ठेवावा असं माझं मत आहे: आधी प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शन हे तीन लागोपाठ, मग अ‍ॅनालिसिस, आणि शेवटी दोन मोठे पेपर एकमेकांना चिकटून. पहिल्या तिन्हींचा पाया एकच आहे, एआयए या तिथल्या आर्किटेक्टांच्या संघटनेची करारपत्रं: मालक-आर्किटेक्टचा बी101, कन्सल्टंटचा सी401 आणि सर्वसाधारण अटींचा ए201. ही मुळातून वाचा, नुसत्या नोट्सवर भागत नाही.

आपल्याकडे साइटवर काम केलेली हुशार माणसं नेमकी इथे पडतात. आपल्याकडे आर्किटेक्ट साइटवर गेला की शटरिंग कसं लाव, आधी कुठला स्लॅब भर, हे मिस्त्रीला सांगतो, आणि सगळे ऐकतात. ए201 प्रमाणे काम कुठल्या पद्धतीने आणि क्रमाने करायचं ही जबाबदारी कंत्राटदाराची. आर्किटेक्टने त्यात हात घालायचा नाही. त्याला चुकीचं काम नाकारता येतं, पण काम थांबवायचा अधिकार मालकाचा असतो. प्रश्न असा येतो: पाहणीत बीमचं सळईकाम ड्रॉइंगप्रमाणे नाही असं दिसलं, आर्किटेक्टने काय करावं? पर्यायांत ‘काम ताबडतोब थांबवावं’ हे असतं, आणि इथल्या सवयीने हात तिकडेच जातो. करारातलं उत्तर आहे: ते काम नाकारणं आणि मालकाला कळवणं.

दुसरी अडचण बांधकामाची. आपण आरसीसी आणि विटांत वाढलो. तिथे लाकडी स्टडची भिंत, तिच्यातलं इन्सुलेशन, बाष्प अडवणारा थर कुठल्या बाजूला, हे विचारतात. थंड प्रदेशात तो थर आतल्या, उबदार बाजूला लागतो. दमट-उष्ण मायामीत तो तसाच आत लावला तर भिंतीत पाणी साठतं. हे पाठ करून टिकत नाही. एका भिंतीचा सेक्शन स्वतः काढा आणि बाष्प कुठून कुठे जातंय ते बाणाने दाखवा.

तपासा: एनकार्बच्या सराव परीक्षा मोफत आहेत. वेळ लावून द्या, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे करारातलं कलम किंवा कोडची तरतूद लिहा. ती सापडत नसेल तर तारीख पुढे ढकला.

## टप्पा 6: अर्ज, आणि अर्जाआधी पाटी

शिक्षण, तास, परीक्षा पूर्ण झाल्यावर एनकार्बला तुमची नोंद राज्याच्या बोर्डाकडे पाठवायला सांगायची, आणि बोर्डाकडे स्वतंत्र अर्ज करायचा. राज्याची जादा परीक्षा असेल तर ती या वेळी.

तोवर स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवू नका. भारतात नोंदणी असली तरी तिथे हे बिरुद लायसन्सधारकालाच वापरता येतं आणि बोर्डं दंड करतात. लिंक्डइन, ईमेलची सही, व्हिजिटिंग कार्ड, सगळीकडे ‘आर्किटेक्चरल डिझायनर’ लिहा. भारतातली नोंदणी सांगायची असेल तर ‘भारतात नोंदणीकृत’ हे शब्द त्याच ओळीत हवेत.

लायसन्स मिळाल्यावर लगेच एनकार्बच्या प्रमाणपत्राचा विचार करा. दुसऱ्या राज्यात काम आलं तर त्याच्या आधारे तिथलं लायसन्स मिळवणं बरंच सोपं जातं. ईसा न करता अनुभवाच्या बळावर लायसन्स मिळवलेल्यांना इथे पुन्हा शिक्षणाचा प्रश्न भेटतो. त्यांनी टप्पा 3 मधले सीलबंद लिफाफे आणि शिक्क्याचा अभ्यासक्रम जपून ठेवावा, फेकून देऊ नये.